व्याज शून्य, आणि 3,600 चे 1,11,000

रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’वर सरकारी ट्रेझरी बिलांची यादी मी पहिल्यांदा उघडली आणि व्याजदराचा रकाना शोधू लागले. आमच्या घरात गुंतवणूक म्हणजे मुदत ठेव, आणि ठेव म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ इथे तो रकानाच नव्हता! होती फक्त मुदत: 91, 182 किंवा 364 दिवस. व्याज कधी मिळणार? कधीच नाही. मग पैसे ठेवायचे तरी कशासाठी?

उत्तर किमतीत दडलंय, आणि ते कळल्यापासून माझं मन दुसऱ्या कशात लागत नाही. समजा, 364 दिवसांचं बिल लिलावात 93.60 रुपयांना पडलं. मुदत संपली की सरकार त्याचे पूर्ण 100 देणार. मधे एक पैसाही नाही. किमान 10,000 रुपये दर्शनी किमतीचं बिल घ्यायचं, तर आज खिशातून 9,360 जातात आणि वर्षाने 10,000 परत येतात. वरचे 640 हीच सगळी कमाई. कर्ज घेणारा जे व्याज देणार होता, ते त्याने विक्रीच्या दिवशीच किमतीतून कापून दिलं आहे. आणि परताव्याचा दर? 6.40 टक्के म्हणावंसं वाटतं, पण आपण 100 कुठे दिले होते? दिले 93.60. त्यावर 6.40 म्हणजे 6.84 टक्के, आणि पूर्ण 365 दिवसांचा हिशेब केला तर 6.86. दर कुणी छापलेला नाही; मी दिलेली किंमत आणि उरलेले दिवस एवढ्यावरून तो आपोआप निघतो.

हे झालं वर्षाच्या आतलं. हीच युक्ती वीस वर्षांवर ताणली तर काय होईल? हे शोधत गेले आणि सरदार सरोवर नर्मदा निगमच्या रोख्यापाशी पोचले.

नंदुरबारच्या बुडीत गावांमुळे हे धरण मराठी वाचकाला अगदी जवळून माहीत आहे. त्याच प्रकल्पासाठी पैसा उभा करायला गुजरात सरकारच्या या निगमने 1993 साली ‘डीप डिस्काउंट बाँड’ विकले. एका रोख्याची किंमत 3,600 रुपये. वीस वर्षांनी, 2014 च्या जानेवारीत, त्याचे 1,11,000 रुपये मिळणार! मधे व्याज नाही, लाभांश नाही, काही नाही. ज्याला थांबायचं नसेल त्याच्यासाठी तीन दरवाजे ठेवले होते: सात वर्षांनी 12,500, अकरा वर्षांनी 25,000 आणि पंधरा वर्षांनी 50,000 घेऊन बाहेर पडा.

निगमला हे का परवडत होतं, हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. धरण आणि कालवे बांधले जात असताना त्यातून उत्पन्न येत नाही. पाणी शेतात पोचेपर्यंत पाणीपट्टी नाही, वीज सुरू होईपर्यंत विजेचे पैसे नाहीत. अशा काळात दर सहा महिन्यांनी व्याज चुकवायचं म्हणजे ते फेडायला नवं कर्ज काढायचं. त्यापेक्षा आज थोडे घ्यायचे आणि उत्पन्न सुरू झाल्यावर एकदम द्यायचे. कर्जाचा आकार कामाच्या आकाराला बेतलेला. किती सुंदर!

आता 3,600 चे 1,11,000 म्हणजे साधारण एकतीस पट. वर्षाला किती टक्के पडले? तीसपटीला वीसने भागून चालत नाही, कारण इथे दर वर्षीचं न दिलेलं व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या वर्षी त्यावरही व्याज चढतं. 3,600 ला वीस वेळा एकाच आकड्याने गुणून 1,11,000 यायला हवेत. तो आकडा निघतो जवळपास 1.187. म्हणजे वर्षाला 18.7 टक्के चक्रवाढ.

इथे एक उलटा हिशेब करून पाहिला. याच 18.7 टक्क्यांचं व्याज दर वर्षी हातात मिळालं असतं तर? 3,600 वर वर्षाला 673 रुपये. वीस वर्षांत ते 13,460 च्या आसपास. त्यात मुद्दल मिळवलं तरी 17,000 च्या थोडं वर. उरलेले जवळजवळ 94,000 कुठून आले? ते सगळं व्याजावरचं व्याज आहे. ते कमवायला मला दर वर्षीचे 673 रुपये पुन्हा 18.7 टक्क्यांनीच कुठेतरी गुंतवावे लागले असते, आणि नव्वदच्या दशकानंतर दर उतरत गेले तसा असा सुरक्षित दर मिळणं अशक्य झालं. पण या रोख्यात तो 1993 सालीच ठरून गेलेला आहे. पैसे हाती न येणं ही मला उणीव वाटत होती. दर कोसळण्याच्या काळात तीच या रोख्याची सगळ्यात मोठी ताकद आहे.

मग मी ते तीन दरवाजे पुन्हा पाहिले आणि प्रत्येक टप्प्यात किती भर पडते ते काढलं. पहिल्या सात वर्षांत 8,900 रुपये. पुढच्या चार वर्षांत 12,500. त्यापुढच्या चारमध्ये 25,000. आणि शेवटच्या पाच वर्षांत? 61,000! एकूण कमाई 1,07,400. तिचा निम्म्याहून मोठा हिस्सा शेवटच्या पाच वर्षांत. दर जवळपास तोच, सतरा ते साडेएकोणीस टक्क्यांच्या मधला, तरी बहुतेक रुपये शेवटी येऊन पडतात. चक्रवाढीचं गणित शाळेत केलं होतं, पण अशा रोख्याची सारी कमाई त्याच्या शेपटीत असते हे कधी दिसलंच नव्हतं.

आणि नेमकी तीच शेपटी कापली गेली.

निगमला मुदतीआधी रोखे परत घेण्याचा हक्क मूळ अटींत नव्हता. बाहेर पडायचे दरवाजे गुंतवणूकदारासाठी होते, निगमसाठी नव्हते. पण 2008 साली गुजरात विधानसभेने कायदा करून निगमला तो अधिकार दिला, आणि 2009 च्या जानेवारीत, पंधराव्या वर्षी, 50,000 रुपये देऊन रोखे फेडण्यात आले. वरवर पाहता 3,600 चे 50,000 झाले, म्हणजे वर्षाला एकोणीस टक्क्यांहून जास्त. तक्रारीला जागा कुठे?

जागा आहे, आणि ती आकड्यांतच आहे. पाच वर्षांनी मिळणाऱ्या 1,11,000 ची त्या दिवशीची किंमत किती? बाजारात 8 टक्के दर धरू. 1,11,000 ला 1.08 ने पाच वेळा भागलं की 75,500 च्या आसपास उत्तर येतं. म्हणजे 75,500 चा रोखा 50,000 देऊन परत घेतला. दुसऱ्या बाजूने पाहा: ते 50,000 घेऊन 8 टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले तर साधारण 73,500 होतात, 1,11,000 नाहीत. कागदावर मात्र उरलेल्या पाच वर्षांना 17.3 टक्के लिहून दिले होते. निगमला ते जड होणार हे उघड आहे, आणि ते ओझं शेवटी जनतेच्याच पैशावर पडणार होतं हेही खरं. तरी माझं मत ठाम आहे: ज्याने पंधरा वर्षं एक रुपया न घेता वाट पाहिली, त्याच्याकडून फळ धरायच्या वेळी झाड परत मागणं योग्य नव्हतं.

आयडीबीआयचा 1992 चा रोखा याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. 2,700 रुपयांना विकलेला, पंचवीस वर्षांनी 1 लाख देणारा. तोही मुदतीआधीच फेडला गेला, पण तिथे आयडीबीआयला तसा हक्क पहिल्या दिवसापासून अटींत लिहिलेला होता. घेणाऱ्याने तो वाचला असेल तर 1 लाखाचा आकडा त्याने मनाशी फार घट्ट धरला नसेल. म्हणून असा रोखा हाती आला की मी आता शेवटची मोठी रक्कम सोडून आधी ‘कॉल ऑप्शन’ शोधते. तो असेल आणि बाजारातले दर उतरले असतील, तर रोखा बोलावून घेतला जाणार हे धरूनच चालायचं.

आणखी एक गोष्ट अशा रोख्यात भीती वाटण्यासारखी आहे. नेहमीच्या रोख्याचं व्याज एकदा चुकलं की कर्जदार अडचणीत आहे हे कळतं. इथे चुकवण्यासारखं काही नसतंच! एकोणीस वर्षं सगळं शांत, आणि खरी परीक्षा फक्त शेवटच्या तारखेला. त्यामुळे मधल्या काळात पतमानांकन घसरतंय का आणि बाजारात रोखा कोणत्या भावाने विकला जातोय, एवढंच पाहत राहायचं. भाव अपेक्षेपेक्षा फार खाली असेल तर बाजाराला काहीतरी दिसलेलं असतं.

आयकर खात्यालाही या न मिळणाऱ्या व्याजाचं काय करायचं हा प्रश्न पडला होता. 2002 च्या फेब्रुवारीत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं की त्यापुढे निघणाऱ्या डीप डिस्काउंट रोख्यांची किंमत वर्षभरात जेवढी वाढली, तेवढं त्या वर्षीचं उत्पन्न धरावं. पैसा आलेला नाही, पण कर भरा! 1 लाखापर्यंत दर्शनी किमतीचे असे रोखे असलेल्या लहान गुंतवणूकदाराला मात्र शेवटी एकदम हिशेब करण्याची मुभा ठेवली.

आता सगळ्यात भारी गोष्ट! मी हे वेगळ्या जातीचे रोखे समजत होते. पण व्याज देणारा साधा सरकारी रोखा उलगडला तर आत हेच निघतात. 100 रुपयांचा, 7 टक्क्यांचा, दहा वर्षांचा रोखा घ्या. दर सहा महिन्यांनी 3.50, असे वीस हप्ते, आणि शेवटी 100. त्यातला प्रत्येक हप्ता म्हणजे ठरलेल्या तारखेला एकदाच मिळणारी रक्कम, मधे व्याज नाही! म्हणजे एका रोख्यात एकवीस झिरो कूपन रोखे. ही नुसती कल्पना नव्हे. 2010 पासून आपल्याकडे ठरावीक सरकारी रोखे खरोखर असे सुटे करून विकण्याची सोय आहे, ‘स्ट्रिप्स’ म्हणतात त्यांना. मी त्याच 7 टक्के दराने, म्हणजे दर सहामाहीला 3.50 टक्के धरून, एकवीसही तुकड्यांची आजची किंमत काढत बसले. सहा महिन्यांनी मिळणारे पहिले 3.50 आजचे 3.38. दहा वर्षांनी मिळणारे शेवटचे 3.50 आजचे फक्त 1.76. आणि तेव्हाचे 100 आजचे 50.26. एकवीस आकड्यांची बेरीज केली आणि ती बरोबर 100 आली.