एक वर्ष आणि एक चिठ्ठी

येत्या रविवारी आम्हाला एक वर्ष होतंय. लग्नाला नाही हो, नुसतं भेटायला लागून! लग्नाला तारीख असते, मुहूर्त असतो, अल्बम असतो. आमच्यासारख्यांनी मात्र कुठून मोजायचं हाच प्रश्न. शेवटी 'पहिल्यांदा दोघंच भेटलो तो रविवार' असं ठरवलं आणि चिठ्ठी लिहायला बसले.

दुकानात कार्डं बघून आले होते. सगळी जन्मोजन्मीच्या बाता मारणारी. वटपौर्णिमेला सात जन्मांचं बुकिंग करणाऱ्या बायका तरी नवऱ्याला चांगल्या ओळखत असतात. इथे एका वर्षात आमच्या भेटी झाल्यात फक्त बावीस! त्यात जूनमध्ये तो नव्या नोकरीसाठी बंगळूरला चाललाय, दोन वर्षांसाठी. 'कायम तुझ्यासोबत' हे लिहायला माझा हात उचलेना.

मग एक साधी चाळणी लावली. जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही मित्राला देता येईल, ते खोडायचं. 'तू खूप समजूतदार आहेस' गेलं. 'तुझ्यामुळे आयुष्य बदललं' गेलं. दीड पानातून उरली चार ओळी, आणि त्या चारही कुठल्यातरी जागेबद्दल किंवा खाण्याबद्दल होत्या.

मी डोंबिवलीची, तो पुण्याचा, म्हणून आमचं भेटायचं ठिकाण लोणावळा. मी कल्याणला जाऊन सकाळची इंद्रायणी पकडते, तो पुण्याहून लोकलने येतो. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. तेवढ्या वेळात खिडकीतून वडे घ्यायचे. पण घाट चढेपर्यंत ते गार होतात. तिसऱ्या भेटीला त्याने स्टीलचा डबा आणि जुना पंचा आणला. "पुढच्या वेळी वडे यात घाल, झाकण थोडं उघडं ठेव, नाहीतर वाफेने मऊ पडतील." तेव्हापासून तो डबा माझ्याकडेच आहे.

त्याच दिवशी परतताना मी फलाटावर रेंगाळत होते. तोवर आमचं 'तुम्ही-आम्ही' चाललं होतं, अगदी बँकेत असल्यासारखं. गाडी हलली आणि तो ओरडला, "अगं चढ ना लवकर!" मी चढले. कर्जत येईपर्यंत तो 'अगं' कानात होता. दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा 'तुम्ही' आलं, ते मी चालू दिलं नाही.

सप्टेंबरात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब घालायचे, पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी. दुपारी मी ऑफिसात आणि बाबा घरी एकटे. "काही लागलं तर सांग" असं सगळेच म्हणाले. याने वेळापत्रक मागून घेतलं. रोज दुपारी दोनला त्याचा एकच शब्दाचा मेसेज यायचा, 'थेंब'. मग मी बाबांना फोन करायचे. शेवटच्या आठवड्यात दुपारचा थेंब बंद झाला, तसा मेसेजही बंद झाला. त्या दिवशी दोन वाजता मी उगाचच फोन हातात घेऊन बसले होते.

बाबा, तुम्ही हे वाचत असणार. तुमच्या थेंबांची आठवण मी नव्हे, तो ठेवत होता, हे तुम्हाला आज कळतंय.

आणि डिसेंबरातला तो रविवार. त्याची बंगळूरची बातमी आली होती. बाकावर बसून आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि अर्धा तास कुणीच बोललं नाही. टरफलांचा मात्र एकच ढीग केला. उठताना तो म्हणाला, "उद्यान एक्सप्रेसला जवळजवळ एक दिवस लागतो, बघून ठेवलंय." त्यावर मी काही बोलले नाही, पण मलाही ते आधीच माहीत होतं. मीही बघून ठेवलं होतं.

तर शेवटी चिठ्ठी अशी झाली:

"डबा, अगं, थेंब, शेंगा. या चार शब्दांचा अर्थ फक्त तुला कळेल, म्हणून बाकीचं खोडलं. दोन वर्षांनी काय होईल हे मला माहीत नाही आणि तूही सांगू नकोस. जूनपर्यंत अजून काही रविवार आहेत. येत्या रविवारी वडे मी आणते, चहा तुझ्याकडे. जूनमध्ये डबा तू घेऊन जा. परत आणायला तुला यावंच लागेल."

शेवटची दोन वाक्यं वचनात मोडतात का? मावशी म्हणते मोडतात. मी म्हणते, डबा आहे तो, परत करायलाच हवा. असो. तुम्हीच सांगा मंडळी.