आठ छत्तीस चुकली

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर रोज सकाळी कुणी ना कुणी म्हणतंच, ‘आठ छत्तीस चुकली.’ या वाक्यात नाम नाही. आहे तो नुसता आकडा, आणि तरीही क्रियापद ठामपणे स्त्रीलिंगी आहे. बोलणाऱ्याला ‘लोकल’ म्हणावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही. तसंच ‘फास्ट गेली, स्लो मिळाली’. ठाण्यात ‘टीएमटी आली’ आणि गावाला निघालं की ‘एसटी भरली’. यातली काही इंग्रजी विशेषणं, काही नुसती आद्याक्षरं, पण लिंग सगळ्यांना मिळालेलं आहे. परभाषेतून आलेल्या नामांचं लिंग कसं ठरतं हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि मला वाटतं त्याचं अर्धं उत्तर याच वाक्यात आहे. शब्द मराठीत येऊन कोणाच्या शेजारी बसतो, हे लिंग ठरताना फार मोलाचं असतं.

इंग्रजीत बसला किंवा स्कूलला व्याकरणातलं लिंग नाही. मराठी वाक्यात मात्र लिंग टाळून फार लांब जाता येत नाही, भूतकाळात तर नाहीच. ‘मी पास काढला, मी तिकीट काढलं, मी रिक्षा पकडली.’ तिन्ही वाक्यांत करणारा मीच, पण क्रियापद माझं ऐकत नाही. ते कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग तो हाच. त्यामुळे मी कुणालाही ‘बुकिंगचं लिंग कोणतं?’ असं थेट विचारत नाही. असं विचारलं की माणूस सावध होतो आणि व्याकरणाच्या पुस्तकातलं उत्तर शोधू लागतो. त्याऐवजी ‘काल काय काय केलंस?’ एवढंच विचारायचं. उत्तर क्रियापदाच्या शेवटी आपोआप येतं.

रेल्वेचे शब्द आपल्या भागात फार लवकर आले. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. लोकांनी या नव्या वाहनाला आगगाडी म्हटलं, आणि त्या ‘गाडी’नं पुढच्या किती तरी पाहुण्यांचं लिंग ठरवून टाकलं. ट्रेन, लोकल, बस, कार, मेट्रो या साऱ्या गाड्या, म्हणून साऱ्या ‘ती’. ट्रक आणि टँकर या रांगेत आले नाहीत, ते ‘तो’ राहिले. सुरी आणि सुरा, टोपली आणि टोपला यांत मोठी वस्तू पुल्लिंगी करण्याची जी आपली जुनी सवय आहे, तिचा हा परिणाम असावा असं माझं मत आहे.

मात्र अर्थाचा शेजार नेहमीच जिंकत नाही. विद्यापीठ नपुंसकलिंगी, पण युनिव्हर्सिटी ‘ती’. वाचनालय ‘ते’, पण लायब्ररी ‘ती’. इथे शेवटच्या ईकारानं अर्थावर मात केली. नदी, वही, काठी यांच्या सवयीनं आपला कान ईकारान्त निर्जीव वस्तूला चटकन स्त्रीलिंगी करतो. पाणी, लोणी, मोती असे अपवाद आहेत आणि टीव्हीसुद्धा ‘तो’च आहे, पण कंपनी, बॅटरी, ड्युटी, पार्टी असं म्हणत गेलं की कल कुठे आहे ते कळतं.

सध्या मला सर्वांत जास्त खुणावतात ते ‘इंग’नं संपणारे शब्द. जुन्या डोंबिवलीकराचं बोलणं ऐका: शूटिंग झालं, बुकिंग केलं, ट्रेनिंग घेतलं. पण मीटिंग झाली आणि बिल्डिंग पडली. शेवट एकच असताना लिंगं दोन का? कारण यात मराठीची एक बारीक जाण आहे. क्रियेचं नाम आपल्याकडे नपुंसकलिंगी असतं: करणं, जाणं, शिकणं. शूटिंग, बुकिंग, ट्रेनिंग यांत क्रिया जाणवते, म्हणून ती ‘ते’ झाली. बिल्डिंगमध्ये बांधण्याची क्रिया कुणाला दिसत नाही, दिसते ती इमारत. आणि मीटिंग म्हणजे सभा किंवा बैठक. दोघींना स्त्रीलिंगी शेजारीण मिळाली. पेंटिंग भिंतीवर टांगलेलं असतं तेव्हाही ‘ते’च, कारण शेजारी ‘चित्र’ आहे.

हिंदीत हा भेद नाही. तिथे दोनच लिंगं, आणि ‘इंग’वाले शब्द बहुतेक सरसकट स्त्रीलिंगी: शूटिंग हुई, ट्रेनिंग हुई, बुकिंग हुई. ठाण्याच्या नव्या वसाहतींत, कल्याण पूर्वेला, उल्हासनगरच्या सीमेवर मराठी मुलांचा दिवसाचा बराच वेळ हिंदीत जातो. त्यांच्या मराठीत आता ‘बुकिंग केली’, ‘शॉपिंग केली’, ‘ट्रेनिंग घेतली’ सर्रास ऐकू येतं. मला हे खटकतं, आणि खटकतं ते शुद्धतेपायी नव्हे. क्रिया आणि वस्तू यांच्यातली जी रेघ मराठीनं पाहुण्या शब्दांवरही ओढली होती, ती पुसली जाते आहे, म्हणून. हिंदीचा ओढा कुठवर पोचला हे पाहायला ‘पोलीस’ हा शब्दही कामी येतो. मराठीत पोलीस आले, हिंदीत पुलिस आई. एखादा मराठी मुलगा ‘पोलीस आली’ म्हणाला आणि त्याच्या मनात महिला पोलीस नसेल, तर ते वाक्य हिंदीतून आलं असं खुशाल समजावं.

लिंग दाखवणाऱ्या जागाही कमी होत चालल्या आहेत. लोकलमध्ये उद्घोषणा होते, ‘पुढील स्टेशन’, आणि लगेच हिंदीत ‘अगला स्टेशन’. हिंदीतलं विशेषण पुल्लिंग सांगून मोकळं होतं. मराठीतलं ‘पुढील’ कुठल्याच लिंगात बदलत नाही. ‘पुढचं स्टेशन’ म्हटलं असतं तर नपुंसकलिंग कानी पडलं असतं. सामान्यरूपाचंही तेच. आधीची पिढी स्टेशनावर जायची, कॉलेजात शिकायची, ऑफिसात बसायची. आता स्टेशनवर, कॉलेजमध्ये, ऑफिसमध्ये. तो आकार गेला की ‘हा शब्द स्त्रीलिंगी नाही’ ही खूणही गेली. मग मुलाला लिंग शिकायला उरतात ती क्रियापदं आणि ‘चा-ची-चं’, ‘मोठा-मोठी-मोठं’ अशी काही विशेषणं.

शब्द मराठीत किती मुरला ते अनेकवचनात नीट दिसतं. तिकीट पुरतं आपलं झालं: तिकिटं, तिकिटाला. जमीनचं जमिनीला होताना ‘मी’ ऱ्हस्व होतो, तसाच इथे ‘की’. बँकेच्या बँका झाल्या, सायकलच्या सायकली, फाइलच्या फायली. बस मात्र इतकी वर्षं राहूनही अडली. ‘आ’ लावावा तर ‘बसा’, ‘ई’ लावावी तर ‘बशी’. दोन्ही रूपं आधीच दुसऱ्या कामाला लागलेली. म्हणून आपण बसगाड्या म्हणतो, नाही तर इंग्रजीतून आयतं ‘बसेस’ उचलतो.

आणि स्कूल? हायस्कूल जुनं, आणि ते नपुंसकलिंगी: हायस्कूल सुरू झालं. विद्यालय, विद्यामंदिर यांच्या पंगतीत ते बसलं. घरात मात्र मुलं शाळेतच जात होती, तेव्हा नुसत्या ‘स्कूल’ची गरज पडत नव्हती. आता इंग्रजी माध्यमाच्या घरांत ‘शाळा’ हा शब्द मागे पडला, पण त्याची क्रियापदं तशीच राहिली. शाळा सुटली, शाळा भरली, शाळा बुडली. म्हणून स्कूल सुटली, स्कूल बुडली. त्याच घरातली आजी ‘तुझं स्कूल किती वाजता?’ असं विचारते, आणि हिंदी मित्रांत वाढलेला नातू ‘माझा स्कूल’ म्हणतो. एका घरात एकाच शब्दाची तिन्ही लिंगं. यातलं कोणतं टिकेल ते अनेकवचन सांगेल. ‘स्कुलं’ ऐकू आलं तर हायस्कूलची परंपरा जिंकली, ‘स्कुली’ आलं तर शाळेची. सध्या दोन्ही ऐकू येत नाहीत. सगळे ‘स्कूल्स’ म्हणतात.