साडेनऊची वेळ

आर्टिस्ट व्हिलेजच्या उतारावर माझं किराणा दुकान आहे. काल संध्याकाळी ऐन गर्दीत फोन आला. ‘वीज ऑफिसमधून बोलतोय. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही. रात्री साडेनऊला लाईन कट होईल.’

नजर आधी फ्रीजरकडे गेली. आत दूध, श्रीखंड, आईस्क्रीम. बिल तर भरलं होतं, तरी छातीत धस्स झालं.

तो म्हणाला, ‘एक अॅप टाका, दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल.’ दहाच रुपये! तिथेच माझा हात जवळजवळ हलला. ते अॅप म्हणजे आपल्या मोबाइलचा पडदा त्याला दाखवणारी खिडकी, हे नंतर भाच्याने सांगितलं. दहा रुपये भरताना आपण पिन टाकतो, ओटीपी येतो, आणि तो तिकडे बसून सगळं वाचतो.

मी सहज विचारलं, ‘माझा ग्राहक क्रमांक सांगा.’ बारा आकडे, बिलावर छापलेले. तो चिडला, आवाज चढवला. मी फोन ठेवला.

थकबाकी असली तरी कायद्याने पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि महावितरणचे मेसेज MSEDCL नावाने येतात, साध्या मोबाइल नंबरावरून नाही. भाच्याने १९३० वर तक्रार नोंदवायला लावली.

तरीही साडेनऊला मी शटर अर्धं ओढून फ्रीजरची घरघर ऐकत उभा होतो.