पहिला रोजा

माझ्या अकोल्याच्या भाच्यानं तेराव्या वर्षी पहिला पूर्ण रोजा ठेवला. सहरीला, म्हणजे पहाटेपूर्वीच्या जेवणाला, त्याला चिवडा अन् लोणचं हवं होतं. पण खारट खाल्लं की दिवसभर तहान लागते. म्हणून आपानं पोळी-दही दिलं, पाणीही थोडं थोडं पाजलं.

दुपारी त्यानं विसरून शेंगदाणे तोंडात टाकले. "मामू, रोजा तुटला?" नाही! विसरून खाल्लं तर तुटत नाही, आठवताच थुंकायचं.

संध्याकाळी इफ्तारसाठी त्यानं अमरावतीचं वेळापत्रक धरलं होतं. अमरावती पूर्वेला, तिथं सूर्य सुमारे ३ मिनिटं आधी मावळतो. त्या वेळेला खजूर खाल्ला असता, तर रोजा वाया! तेव्हा वेळ आपल्याच गावची पाहा. चक्कर आली तर मात्र रोजा सोडा. तो नंतर भरून काढता येतो.