बिलाची आठवण

सोयाबीनची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासायची हे सांगणारी दीड मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म मी मानोऱ्यात बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी केली. 100 दाणे ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आणि 70 किंवा त्याहून जास्त दाण्यांना धड कोंब आले की ते बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरायचं. कोंब फुटतानाच्या चार सेकंदांवर मी सगळ्यात जास्त खपलो. फिल्म पेरणीआधी पोचली. कंपनीनं मेलवर ‘फायनल ओके’ लिहिलं. 3 जूनला उरलेल्या निम्म्या रकमेचं, 27,000 रुपयांचं बिल गेलं. मुदत 30 दिवसांची होती. 3 जुलै उलटला, तरी पैसे आले नाहीत.

आमच्याकडे उधारी मागायची एक रीत आहे. कृषी सेवा केंद्रवाला कधी ‘पैसे द्या’ म्हणत नाही. दसऱ्याच्या सुमारास बाजारात भेटला की विचारतो, “भाऊ, सोयाबीन झालं काय काढून?” समोरचा काय ते समजतो आणि तारीख सांगतो. हे साधतं, कारण दोघं एकमेकांचं शेत ओळखतात. पुण्याच्या ऑफिसातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला असं आडून विचारलं तर त्याला काहीच कळणार नाही. तो ‘बघतो’ लिहील आणि विसरेल. तिथं सौजन्य सरळ बोलण्यात असतं.

बिल थकतं ते बहुधा पैसे बुडवण्याच्या हेतूनं नाही. फिल्म मंजूर करणारी मार्केटिंगची बाई आणि पैसे सोडणारा अकाउंट्सचा माणूस वेगळे असतात. बिल पहिलीच्या इनबॉक्समध्ये राहतं, किंवा त्यावर पीओ नंबर नसतो म्हणून दुसऱ्याच्या टेबलावर अडकतं. त्याबद्दल कुणी कळवतही नाही. म्हणून आठवणीच्या मेलमध्ये, वाचणाऱ्याला दुसरं काहीही शोधावं लागणार नाही एवढं सगळं हवं. मी नवा मेल काढला नाही. ‘फायनल ओके’ आलेल्या धाग्यालाच उत्तर दिलं, म्हणजे काम स्वीकारल्याचा पुरावा खालीच राहतो. अकाउंट्सला सीसीमध्ये घेतलं आणि विषयात बिल क्रमांक, रक्कम, देय तारीख टाकली. मजकूर असा:

“नमस्कार मॅडम, उगवणशक्तीच्या फिल्मचं 3 जूनचं 27,000 रुपयांचं बिल सोबत पुन्हा जोडलं आहे. त्याची देय तारीख 3 जुलै होती. रक्कम अजून जमा झालेली दिसत नाही. बिल अकाउंट्सकडे पोचलं आहे का, आणि पीओ नंबर किंवा आणखी काही कागद हवा आहे का, हे कृपया कळवावं. सगळं ठीक असल्यास पेमेंट कोणत्या तारखेला होईल तेही सांगावं. बँकेचा तपशील बिलावर आहे. आभार.”

‘त्रास देतोय, माफ करा’ हे वाक्य मी खोडलं. केलेल्या कामाचे पैसे मागणं हा त्रास नव्हे, आणि माफी वाचली की समोरच्याला वाटतं, थांबलं तरी चालेल. घरची अडचणही लिहिली नाही. ती खरी असली तरी बिल तिच्यावर अवलंबून नाही.

कायद्याचा उल्लेखही पहिल्या मेलमध्ये नको. कायदा मात्र ठाऊक हवा. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे ती तारीख नेता येत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. नोंदणी काम देण्याआधीची हवी. पैसे थकल्यावर केलेली मागच्या बिलाला उपयोगी पडत नाही. घरून काम करणारे पुष्कळ जण नेमके इथेच अडकतात.

यापेक्षा जास्त वजन अकाउंट्सवाल्यासाठी दुसऱ्याच गोष्टीला असतं. 2023 च्या वित्त कायद्यानं आयकरात 43बी(एच) हे कलम घातलं. अशा उद्योगाचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा मिळतो. त्यामुळे मार्चअखेर थकलेली बिलं कंपनीलाच महाग पडतात. बिलाच्या तळाशी उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला असला, की ही गोष्ट कुणालाही न बोलता समजते. मेलमधला सूर मऊ ठेवणं मला परवडतं ते त्यामुळेच.

अकाउंट्सचं उत्तर आलं: पीओ नंबर नव्हता. तो मिळवून सुधारित बिल मी त्याच दिवशी पाठवलं, तारीख मूळचीच ठेवून, कारण नवी तारीख घातली असती तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली गेली असती.