सौर मीटरसाठी एक अर्ज

टिळकवाडीत आमच्या गच्चीवर 3 किलोवॅटचे सोलर बसले ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी. बेळगावात हेच महिने कमाईचे. जूनमध्ये पाऊस लागला की उत्पादन निम्म्यावर येते. कंत्राटदाराने इन्व्हर्टर सुरू करून दिला, कामपूर्तीचा दाखला वीज कार्यालयात दिला आणि नेट मीटर येईपर्यंत सगळे जुन्याच मीटरवर राहिले.

पहिले बिल वाढूनच आले. भर दुपारी मी घरातली सगळी बटणे बंद केली. इन्व्हर्टरवर दोन किलोवॅटच्या आसपास आकडा दिसत होता आणि जुन्या मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. घरात वापर शून्य, तरी युनिट चढत होते. आपल्याकडचे बरेच साधे इलेक्ट्रॉनिक मीटर विजेची दिशा पाहत नाहीत. बाहेर जाणारी वीजही वापर म्हणून मोजतात. म्हणजे तासाला दोन युनिट आम्ही कंपनीला द्यायचे आणि त्यांचे पैसेही आम्हीच भरायचे! त्याच दिवशी सोलर बंद केले. तीन किलोवॅटमधून चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट मिळतात, ते रोज वाया जाऊ लागले.

चौकशीला गेलो की ‘मीटर टेस्टिंगला आहे’ एवढेच उत्तर मिळे. तोंडी विचारण्याची कुठे नोंद राहत नाही, म्हणून लेखी अर्ज केला. इंग्रजीत, आणि सोबत कन्नड प्रत. वर आर. आर. नंबर, सोलरचा अर्ज क्रमांक, कामपूर्तीचा दाखला दिल्याची तारीख. मग मुद्द्याचे वाक्य: वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे दाखला मिळाल्यापासून 15 दिवसांत करार, मीटर आणि जोडणी पूर्ण व्हायला हवी, ती मुदत उलटली आहे. संताप, अनुदान रखडल्याचे दुःख, यातले काही लिहिले नाही. मागण्या दोनच: मीटर बसवण्याची तारीख लेखी कळवा, आणि बाहेर गेलेले युनिट वापरात धरून केलेले बिल दुरुस्त करा. पुरावा म्हणून सोलर चालू होते त्या काळातले इन्व्हर्टरचे रोजचे आकडे आणि जुन्या मीटरच्या रीडिंगचे फोटो जोडले. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही. उत्तर आले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊ, हेही शेवटी नोंदवले होते. तिथे हीच शिक्क्याची प्रत लागते.

त्यानंतर मीटर बसला. बिलातले जादा युनिट पुढच्या बिलात वळते झाले. सोलर बंद ठेवल्याने बुडालेल्या युनिटांचे मात्र काही मिळाले नाही, कारण जे तयारच झाले नाही ते कोणत्याच मीटरवर नसते.

तुमच्याकडे सोलर बसत असेल तर नेट मीटर लागेपर्यंत ते चालू ठेवू नका, आणि दाखला दिल्यापासून पंधरा दिवसांत मीटर लागला नाही तर सोळाव्या दिवशी अर्ज द्या.