अर्थ नसलेली बेरीज

इंदापूर तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे सचिव माझ्या कागदाकडे बराच वेळ बघत होते. "अहो साहेब, सभासद क्रमांकांची बेरीज? वरातीतल्या गाड्यांचे नंबर मिळवल्यासारखं झालं हे."

खरंच होतं. 1,24,839 ही ती बेरीज. ते ना रुपये, ना माणसं, ना क्विंटल. आमच्या धंद्यात तिला हॅश टोटल म्हणतात. तिचा ताळ्यापलीकडे काही उपयोग नाही.

जून 2022 मध्ये केंद्राने देशभरातल्या 63,000 प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आणि गावोगावच्या खतावण्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचं काम सुरू झालं. मी बारामतीत हिशेब तपासणीचं काम करतो, तेव्हा यातलं थोडं माझ्याकडेही आलं. या सोसायटीची कर्जखाती 412. बाकी 31 मार्चची धरायची ठरली. जुन्या संगणकातून यादी बाहेर काढण्याआधीच मी तीन आकडे छापील तेरजेवरून आणि खतावणीच्या पानांवरून काढले आणि सचिवांची सही घेतली: खाती किती, येणे बाकीची एकूण रक्कम किती, सभासद क्रमांकांची बेरीज किती. हे आकडे बाहेर काढलेल्या फाइलवरून घेतले असते, तर फाइलचा ताळा फाइलशीच लागला असता. बाहेर काढताना जे गळलं, ते तिच्यातही नसतंच.

नव्या सॉफ्टवेअरची पहिली यादी आली तेव्हा तिन्ही आकडे चुकले. खाती 411, क्रमांकांची बेरीज 87 ने कमी, बाकी मात्र 6,500 रुपयांनी जास्त. एकच खातं गळलं असेल, तर क्रमांकांच्या बेरजेतला फरक हाच त्याचा क्रमांक. 87 नंबरच्या सभासदाचं कर्ज फिटलेलं, बाकी शून्य, म्हणून भरणाऱ्याने ओळ सोडून दिली होती. शून्य गळल्याने रुपयांची बेरीज हलत नाही. त्यामुळे फक्त पैसे जुळवणाऱ्याला हा माणूस हरवलेला कधीच दिसला नसता.

मग 6,500 चा फरक दुसऱ्याच खात्यातून आला होता. त्याची निम्मी रक्कम 3,250. खतावणीत तेवढी बाकी शोधली, तर एका सभासदाने कर्ज रोख भरलं होतं आणि नंतर उसाच्या बिलातूनही कपात झाली होती. सोसायटीच त्याचं 3,250 देणं लागत होती. नव्या यादीत ही जमा बाकी नावे पडली होती. वजा करायची रक्कम मिळवली गेली की फरक दुप्पट दिसतो, म्हणून आधी निम्मे करून बघायचं.

दोन्ही दुरुस्त्या झाल्या, तिन्ही बेरजा जुळल्या. सचिवांनी चहा सांगितला. पण मला एक हिशेब करायचा होता. दोन सभासदांच्या बाकींची अदलाबदल झाली, तर खाती तेवढीच, क्रमांक तेच आणि रुपयेही तेवढेच राहतात. तिन्ही आकडे निर्धास्तपणे जुळतात. त्यासाठी प्रत्येक क्रमांक त्याच्या बाकीने गुणायचा आणि मग गुणाकारांची बेरीज घ्यायची. A रकान्यात क्रमांक, F रकान्यात बाकी:

```
=SUMPRODUCT(A2:A413,F2:F413)
```

नव्या यादीचा हा आकडा खतावणीवरून काढलेल्या तशाच आकड्यापेक्षा 5,80,500 ने जास्त आला. चहा तसाच राहिला.

या फरकाच्या अंकांची बेरीज 18, म्हणजे त्याला नवाने भाग जातो. शाळेत शिकलेला नवाचा ताळा इथे उलटा कामी येतो: शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, की फरक नऊच्या पटीत पडतो. हा पुरावा नव्हे, फक्त संशय. मग खतावणीच्या पंचवीस-पंचवीस क्रमांकांच्या पानांची बाकी वेगवेगळी जुळवली. 201 ते 225 चं पान 21,500 ने कमी, पुढचं 226 ते 250 चं पान तितक्यानेच जास्त.

सापडले ते 214 आणि 241, एकाच आडनावाचे, एकाच वस्तीवरचे भाऊ. 214 ची खरी बाकी 1,18,400 आणि 241 ची 96,900. भरताना क्रमांक उलटे पडले होते. क्रमांकांतला फरक 27, बाकीतला 21,500, गुणाकार 5,80,500. एका भावाची बाकी वाढली म्हणून तो तक्रार घेऊन आला असता. दुसऱ्याने काही बोलायचं कारण नव्हतं.

दुरुस्तीनंतर चौथा आकडाही जुळला आणि सचिवांनी त्यावर सही केली. मग ते स्वतःच म्हणाले, "आता पासबुकं मागवू का?" त्यांनी दहा मागवली. एका पासबुकात फेब्रुवारीतला दोन हजारांचा भरणा होता, सहीशिक्क्यासह. जुन्या खतावणीत तो नव्हता, त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरमध्येही नव्हता, आणि चारही बेरजा पैशापैशाला जुळल्या होत्या.